मेटानेफ्रिन चाचणी: डोकेदुखी, घाम आणि बीपीचे झटके येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

अचानक डोकं ठणकतं, घामाने अंग भिजतं, बीपी वाढतं. यासाठी मेटानेफ्रिन कशाला तपासायचं?

दोन्ही किडन्यांच्या वरच्या टोकाला एकेक छोटी अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते. तिच्या आतल्या भागात अ‍ॅड्रिनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन तयार होतं. क्वचित कुणाला तिथे गाठ होते आणि ती गाठ ही रसायनं मनाला येईल तेव्हा रक्तात सोडते. तिला फिओक्रोमोसायटोमा म्हणतात. अशीच गाठ ग्रंथीबाहेर, पोटात, मूत्राशयात किंवा मानेत झाली तर तिला पॅरागँग्लिओमा म्हणतात. रसायनांचा लोंढा आला की डोकं ठणकतं, छाती धडधडते, घाम फुटतो आणि बीपी चढतं. थोड्या वेळाने सगळं ओसरतं आणि माणूस थकून जातो.

बीपी असलेल्या हजार माणसांत अशी गाठ फार तर पाच-सहा जणांना असते. तुम्हाला झटके येत असले तरी कारण दुसरंच असण्याची शक्यता जास्त आहे. तरीही याच रसायनांपासून बनणारं मेटानेफ्रिन तपासून ही गाठ शोधतात, कारण सापडली तर ती बहुधा काढता येते. राहून गेली तर एखाद्या साध्या ऑपरेशनच्या वेळी भूल देताना तीच जिवावर बेतू शकते.

झटका नेमका कसा असला की डॉक्टरांना ही शंका येते?

तो एकाएकी सुरू होतो, काही मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकतो आणि दर वेळी जवळपास सारखाच असतो. चेहरा बहुधा पांढराफटक पडतो. चेहरा लालबुंद होत असेल, अंगातून गरम वाफा निघाल्यासारखं वाटत असेल, तर या गाठीची शक्यता कमी होते. वाकल्यावर, पोटावर दाब पडल्यावर किंवा लघवी करताना झटका येत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. लघवीच्या वेळी येणारा झटका मूत्राशयातल्या गाठीची खूण असू शकतो, आणि विचारल्याशिवाय हे सहसा कुणी सांगत नाही.

मला झटका पंधरा दिवसांतून एकदा येतो. मधल्या दिवशी रक्त दिलं तर त्यात काय सापडणार?

ही शंका जवळपास प्रत्येकाच्या मनात येते आणि ती रास्त आहे. पण या चाचणीचं सगळं बळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गाठीच्या पेशींमध्ये अ‍ॅड्रिनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन छोट्या पिशव्यांत साठवलेलं असतं. झटका येतो तेव्हा या पिशव्या रक्तात रिकाम्या होतात. पण एरवीही त्या पूर्ण बंद नसतात. गळक्या पिंपासारखं त्यांतून थोडं थोडं रसायन पेशीच्या आतच सतत झिरपत असतं. त्याच पेशीत कॉम्ट नावाचं एंझाइम असतं. ते झिरपलेल्या अ‍ॅड्रिनॅलिनचं मेटानेफ्रिन करतं आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचं नॉर्मेटानेफ्रिन. हे पदार्थ मग पेशीतून बाहेर पडून रक्तात येतात. ही झिरप झटक्यावर अवलंबून नसते. तुम्ही शांत झोपलेले असताना, बीपी नॉर्मल असताना, दोन झटक्यांच्या मधल्या दहा दिवसांतही ती चालूच असते.

म्हणूनच थेट अ‍ॅड्रिनॅलिन मोजण्यापेक्षा मेटानेफ्रिन मोजणं भरवशाचं ठरतं. अ‍ॅड्रिनॅलिन झटक्यात उसळतं आणि लगेच उतरतं, तेवढ्या वेळात सुई टोचलेली असेल तरच ते हाती लागतं. पूर्वी लघवीतलं व्हीएमए, म्हणजे ही रसायनं मोडून शेवटी उरणारा पदार्थ, मोजायचे. त्यात बऱ्याच गाठी सुटून जायच्या. तुमच्या कागदावर अजून फक्त व्हीएमए लिहिलेलं असेल, तर मेटानेफ्रिन करता येईल का ते डॉक्टरांना जरूर विचारा.

थोडक्यात, झटक्याची वाट पाहू नका. उलट ऐन झटक्यात धावत जाऊन दिलेल्या रक्तात भीती आणि वेदनेमुळे वाढलेले आकडे मिसळतात.

रक्ताची चाचणी चांगली की लघवीची?

दोन्ही चालतात. कोणतीही एक नीट केली तर सुरुवातीला पुरते. रक्तात मोकळं मेटानेफ्रिन मोजतात. गाठ असेल तर ही चाचणी शंभरातल्या पंच्याण्णवहून जास्त वेळा ती दाखवते. २४ तासांच्या लघवीची चाचणीही फार मागे नाही, पण तिच्यात गाठ नसताना आकडा वाढलेला दिसण्याचं प्रमाण थोडं जास्त असतं.

निवड बहुतेक वेळा सोयीवर ठरते. अर्धा तास झोपवून रक्त घेण्याची व्यवस्था असेल तर मी रक्ताची चाचणी सुचवेन. तशी व्यवस्था नसेल आणि घाईत खुर्चीवर बसवूनच रक्त घेणार असतील, तर नीट गोळा केलेली लघवी बरी. किडनी बरीच खराब असेल किंवा डायलिसिस चालू असेल तर लघवीच्या आकड्याला अर्थ उरत नाही. अशा वेळी रक्तच तपासायचं, आणि तेही मोकळं मेटानेफ्रिन मोजणारी पद्धत वापरूनच.

रक्त देण्याआधी अर्धा तास झोपवतात. खरंच गरज असते का?

असते, आणि सगळ्यात जास्त गडबड इथेच होते.

आपण उभे राहिलो किंवा बसलो की रक्त पायांकडे ओढलं जातं. बीपी पडू नये म्हणून शरीरभरच्या सिम्पथेटिक नसा नॉरअ‍ॅड्रिनॅलिन सोडतात आणि त्याचं नॉर्मेटानेफ्रिन बनतं. हे प्रत्येक निरोगी माणसात होतं. मेटानेफ्रिन मात्र जवळजवळ सगळं अ‍ॅड्रिनल ग्रंथीतूनच येतं, म्हणून बसण्या-उठण्याने ते फारसं हलत नाही. त्यामुळे बसून घेतलेल्या रक्तात नॉर्मेटानेफ्रिन थोडं वर आणि मेटानेफ्रिन नॉर्मल, असं चित्र वारंवार दिसतं. बसून रक्त घेतल्यास खोट्या वाढीचं प्रमाण झोपून घेण्याच्या तुलनेत दोन-तीन पट होतं.

योग्य पद्धत साधी आहे. हातात कॅन्युला आधीच लावून घ्यायची, मग २० ते ३० मिनिटं पाठीवर सरळ पडून राहायचं आणि त्याच कॅन्युलातून रक्त काढायचं. खोली गार नसावी. थंडीनेही नॉर्मेटानेफ्रिन वाढतं, त्यामुळे पांघरूण मागायला संकोच करू नका. त्या अर्ध्या तासात फोनवर बोलणं, उठून बसणं, बाथरूमला जाणं टाळा. उठावंच लागलं तर अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून मोजायला सांगा. नळी लगेच थंड ठेवून लॅबमध्ये पोचवायची असते. ते लॅबचं काम आहे, पण रक्त झोपून घेतलं की बसून, हे रिपोर्टवर लिहून घेणं तुमच्या हातात आहे.

बसून दिलेल्या रक्ताचा आकडा नॉर्मल आला तर तो मात्र ग्राह्य धरता येतो. बसण्याने आकडा वाढतो, कमी होत नाही. एक अट आहे: लॅबने तुलनेसाठी झोपून घेतलेल्या रक्ताची मर्यादा वापरलेली असावी. काही ठिकाणी बसून घेतलेल्या रक्तासाठी वेगळी, सैल मर्यादा लावतात. तिच्यामुळे खोटे इशारे कमी होतात खरे, पण छोटी गाठ हातची निसटू शकते.

२४ तासांची लघवी नेमकी कशी गोळा करायची?

लॅबकडून मिळालेल्या कॅनमध्ये बहुधा थोडं ॲसिड घातलेलं असतं. ते ओतून टाकू नका आणि कॅनमध्ये थेट लघवी करू नका. वेगळ्या स्वच्छ भांड्यात लघवी करा आणि तिथून सावकाश कॅनमध्ये ओता, म्हणजे अंगावर शिंतोडे उडणार नाहीत.

समजा तुम्ही सकाळी सातला सुरुवात करताय. सातची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. त्यानंतर दिवसभरातला आणि रात्रीचा प्रत्येक थेंब कॅनमध्ये जायला हवा. दुसऱ्या दिवशी सकाळी सातची लघवी धरायची आणि तिथे थांबायचं. पहिली लघवी ठेवली आणि शेवटचीही ठेवली, ही नेहमीची चूक. शौचाला गेल्यावर त्यासोबत झालेली लघवी वाया जाते, ही दुसरी. कॅन थंड जागी ठेवा आणि त्या दिवशी भारी व्यायाम टाळा.

लघवी पूर्ण जमली का हे कळण्यासाठी त्याच नमुन्यात क्रिएटिनिन मोजतात. स्नायूंतून रोज साधारण ठरावीक क्रिएटिनिन बाहेर पडतं. ते तुमच्या वजनाच्या मानाने फारच कमी आलं तर दिवसभराची लघवी पूर्ण जमलेली नाही. तशा नमुन्यात मेटानेफ्रिन नॉर्मल दिसलं तरी निर्धास्त होऊ नये.

चाचणीआधी कोणती औषधं बंद करावी लागतात?

आधी हे लक्षात घ्या, की स्वतःहून एकही गोळी बंद करायची नाही. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवायची, सर्दीच्या गोळीसकट.

बीपीच्या बहुतेक गोळ्या आड येत नाहीत. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल सुरू ठेवून चाचणी करता येते. खरा त्रास देतात ती नैराश्याची आणि नसांच्या दुखण्याची काही औषधं. अ‍ॅमिट्रिप्टिलीन, व्हेन्लाफॅक्सिन, ड्युलॉक्सेटिन ही नसांनी सोडलेलं नॉरअ‍ॅड्रिनॅलिन परत आत घेऊ देत नाहीत, त्यामुळे नॉर्मेटानेफ्रिन खरोखरच वाढतं. अ‍ॅमिट्रिप्टिलीन डोकेदुखीसाठीही देतात, म्हणजे ज्यांची ही चाचणी होते त्यांच्यातच ते बऱ्याच जणांना चालू असतं. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन आणि बीपीचं फिनॉक्सिबेन्झामाइन यांनीही आकडा चढतो. लिव्होडोपा घेत असाल तर तेही सांगा.

दुसऱ्या प्रकारची अडचण मोजणीतली असते. काही जुन्या मशीनवर पॅरासिटामॉल किंवा लॅबेटॅलॉलसारखं औषध मेटानेफ्रिनच्या मोजणीत घोळ घालतं. मास स्पेक्ट्रोमेट्री वापरणाऱ्या लॅबमध्ये पॅरासिटामॉलची ही अडचण येत नाही. लॅबला पद्धत विचारायला हरकत नाही.

एखादं औषध थांबवायचं ठरलंच तर साधारण दोन आठवडे आधी, हळूहळू डोस कमी करत आणि ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने. जिथे थांबवणं धोक्याचं असेल तिथे औषध चालू ठेवूनच चाचणी करावी. औषध चालू असतानाही आकडा नॉर्मल आला तर प्रश्न मिटला.

उपाशी पोटी जायचं का? चहा चालेल?

रात्रभर उपाशी राहून सकाळी जाणं सोयीचं. रिपोर्टमध्ये मेथॉक्सीटायरामिन हा तिसरा घटक मागवला असेल तर उपाशी राहणं आवश्यकच आहे, कारण तो खाण्याने वाढतो. त्या सकाळी चहा, कॉफी आणि सिगारेट नको. पाणी प्या.

रिपोर्टमधले आकडे कसे वाचायचे?

आधी एकक पाहा. काही लॅब नॅनोमोल प्रति लिटर वापरतात, काही पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. नॉर्मेटानेफ्रिनचे १ नॅनोमोल म्हणजे सुमारे १८३ पिकोग्रॅम, मेटानेफ्रिनचे १ नॅनोमोल म्हणजे सुमारे १९७. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून "आकडा दोनशेपट वाढला" म्हणून घाबरण्याआधी हे तपासा.

रक्तात मेटानेफ्रिनची वरची मर्यादा बऱ्याच लॅब ०.५ नॅनोमोलच्या आसपास धरतात आणि नॉर्मेटानेफ्रिनची ०.९ च्या आसपास. नॉर्मेटानेफ्रिन वयाबरोबर वाढत जातं. साठीच्या पुढे १ च्या जरा वरचा आकडाही त्या वयाला साजेसा असू शकतो. तुमच्या लॅबने वयानुसार मर्यादा दिली असेल तर तीच धरा.

मग दोन गोष्टी बघा: कोणता घटक वाढलाय आणि मर्यादेच्या किती पट. एकटं नॉर्मेटानेफ्रिन मर्यादेच्या दीडपट आलं असेल तर बहुतेक वेळा गाठ नसते. दोन्ही घटक वाढलेले असले किंवा एखादा मर्यादेच्या तिपटीच्या वर गेला असला, तर गाठ असण्याची शक्यता खूपच वाढते.

माझं नॉर्मेटानेफ्रिन थोडं जास्त आलंय. मला गाठ आहे का?

बहुधा नाही. पण तेवढ्यावर सोडूनही द्यायचं नाही. एक उदाहरण घेऊ, म्हणजे डॉक्टर कसा विचार करतात ते कळेल.

५४ वर्षांच्या एका बाईंना आठवड्यातून दोनदा डोकेदुखीसह घामाचे झटके येतात. एका झटक्यात घरच्या मशीनवर बीपी १६८/९८ भरलं. डोकेदुखीसाठी त्या रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलीन घेतात, आणि तपासणीच्या आठवड्यात सर्दीची गोळीही चालू होती. रक्त खुर्चीवर बसून घेतलं. रिपोर्ट आला: नॉर्मेटानेफ्रिन १.४२, मेटानेफ्रिन ०.२८. पहिला आकडा मर्यादेच्या साधारण दीडपट, दुसरा नॉर्मल. रिपोर्टवर लाल खूण आणि घरात घबराट.

इथे थोडं गणित करू या. समजा असे झटके येणाऱ्या १००० जणांची चाचणी केली आणि त्यांतल्या १० जणांना खरोखर गाठ आहे. चाचणी या दहाही जणांना पकडते असं धरू. उरलेल्या ९९० जणांपैकी दर दहांत एकाचा आकडा कुठल्या ना कुठल्या कारणाने खोटा वर येतो, म्हणजे ९९ जण. एकूण १०९ जणांच्या रिपोर्टवर लाल खूण येईल आणि त्यांतल्या फक्त दहांना गाठ असेल. चाचणी चांगली असूनही हे होतं, कारण गाठच फार विरळ आहे. खोटे आकडे बहुतेक मर्यादेच्या जरा वर घोटाळतात, गाठीचे बरेचदा खूप वर असतात. म्हणून "वाढलंय का" यापेक्षा "किती वाढलंय" हा प्रश्न महत्त्वाचा.

या बाईंच्या बाबतीत आकडा वाढवणारी तीन कारणं एकदम हजर होती: बसून घेतलेलं रक्त, अ‍ॅमिट्रिप्टिलीन आणि सर्दीची गोळी. डॉक्टरांनी स्कॅन लिहिला नाही. अ‍ॅमिट्रिप्टिलीनचा डोस हळूहळू उतरवून ते बंद केलं, डोकेदुखीसाठी तात्पुरता दुसरा उपाय दिला आणि औषध सुटल्यावर दोन आठवड्यांहून जास्त थांबले. मग कॅन्युला लावून, अर्धा तास पांघरुणात झोपवून पुन्हा रक्त घेतलं. नॉर्मेटानेफ्रिन ०.७४, मेटानेफ्रिन ०.२६. दोन्ही नॉर्मल. गाठीचा विषय इथे संपला.

मग झटके कशाचे होते? पुन्हा विचारल्यावर त्या म्हणाल्या, की आधी चेहरा आणि छाती गरम होऊन लाल होते, हे रात्री जास्त होतं आणि पाळी थांबल्यापासून सुरू झालंय. अर्धशिशी आधीपासून होतीच. डोकं ठणकत असताना मोजलेलं बीपी वाढलेलंच दिसणार, वेदनेने ते वाढतं. उपचार त्या दिशेने सुरू झाले.

आणि खरोखर गाठ असते तेव्हा?

तेव्हा सहसा इतकी चर्चा करावी लागत नाही. ३८ वर्षांचा एक माणूस धरा. झटका आला की तो पांढरा पडतो, छाती धडधडते, पंधरा-वीस मिनिटांत घामाने शर्ट चिंब होतो. झोपवून घेतलेल्या रक्तात नॉर्मेटानेफ्रिन ६.१ आणि मेटानेफ्रिन २.४. एक मर्यादेच्या जवळपास सातपट, दुसरं पाचपट. बसण्याने किंवा गोळीने दोन्ही इतके चढत नाहीत.

मेटानेफ्रिनही वाढलंय यावरून गाठीच्या जागेचाही अंदाज येतो. नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचं अ‍ॅड्रिनॅलिन करायला जे एंझाइम लागतं, ते भरपूर कॉर्टिसॉल मिळालं तरच नीट काम करतं, आणि इतकं कॉर्टिसॉल अ‍ॅड्रिनल ग्रंथीतच मिळतं. म्हणून मेटानेफ्रिन बनवणारी गाठ जवळजवळ नेहमी अ‍ॅड्रिनलमध्येच असते. एकटं नॉर्मेटानेफ्रिन खूप वाढलं असेल तर गाठ अ‍ॅड्रिनलमध्ये किंवा तिच्याबाहेर, कुठेही असू शकते.

सगळं नीट करूनही आकडा मधेच अडकला तर?

नॉर्मेटानेफ्रिन मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट आहे, कारण सापडत नाही आणि पुन्हा केलं तरी तेच येतं, अशा वेळी क्लोनिडिन चाचणी कामाला येते. क्लोनिडिन मेंदूतून नसांना शांत करतं. आधी झोपवून रक्त घेतात, ३०० मायक्रोग्रॅमची मात्रा तोंडाने देतात आणि तीन तासांनी पुन्हा रक्त घेतात. वाढ नसांमुळे असेल तर नॉर्मेटानेफ्रिन ४० टक्क्यांहून जास्त उतरतं किंवा नॉर्मलला येतं. गाठ मेंदूचं ऐकत नाही, त्यामुळे तिचा आकडा जागचा हलत नाही. बीपी पडू शकतं, म्हणून ही चाचणी देखरेखीखालीच करतात. अ‍ॅमिट्रिप्टिलीनसारखं औषध चालू असेल तर तिचाही निकाल फसवा येतो.

एवढं करण्यापेक्षा सरळ सीटी स्कॅन का नाही करत?

कारण अ‍ॅड्रिनलवर निरुपद्रवी गाठी पुष्कळ असतात. मध्यम वयानंतर दुसऱ्याच कारणाने काढलेल्या पोटाच्या सीटीत शंभरातल्या चार-पाच जणांना अशी गाठ दिसते, आणि बहुतेक वेळा ती कसलंही रसायन सोडत नाही. सीटी आधी झाला, त्यात गाठ दिसली आणि सोबत अमिट्रिप्टिलीनमुळे वाढलेलं नॉर्मेटानेफ्रिन आलं, की दोन निरर्थक गोष्टी जोडून चुकीचं निदान होतं. पुढे नको ते ऑपरेशनही होऊ शकतं. रक्तात वाढ पक्की झाली की मगच गाठ कुठे आहे ते शोधायला सीटी किंवा एमआरआय.

स्कॅनमध्ये अ‍ॅड्रिनलची गाठ आधीच सापडलेली असेल तर क्रम उलटतो. तेव्हा बीपी नॉर्मल असलं तरी बहुतेकांची मेटानेफ्रिन चाचणी करतात. साध्या सीटीत गाठीची घनता १० हाउन्सफिल्ड युनिट किंवा त्याहून कमी असेल, म्हणजे ती चरबीने भरलेली असेल, तर मात्र या चाचणीची गरज राहत नाही.

रिपोर्ट नॉर्मल आलाय, पण झटके थांबले नाहीत. गाठ सुटली असेल का?

नमुना नीट घेतला असेल तर ही शक्यता फार कमी. जिच्यातून निघणाऱ्या रसायनाने बीपी १६०-१८० वर जातं, ती गाठ मेटानेफ्रिन झिरपवतेच. चाचणीतून सुटतात त्या गाठी बहुधा एक सेंटिमीटरपेक्षा छोट्या असतात, फक्त डोपामिन बनवणाऱ्या असतात किंवा मानेतल्या, रसायन न सोडणाऱ्या असतात. यांतली एकही अशा झटक्यांचं कारण सहसा नसते.

म्हणून एका नीट केलेल्या नॉर्मल रिपोर्टनंतर दर दोन महिन्यांनी तीच चाचणी करत बसण्यात मला अर्थ दिसत नाही. पॅनिक अटॅक, अर्धशिशी, पाळी थांबतानाचे बदल, थायरॉइड, झोपेत श्वास अडकणं, बीपीची गोळी मधेच चुकणं, ही कारणं शोधायला हवीत. क्लोनिडिनची गोळी अचानक बंद केली तर अगदी फिओक्रोमोसायटोमासारखंच चित्र उभं राहतं. घरात कुणाला अशी गाठ झाली असेल किंवा झटक्यांचं स्वरूप बदललं, तर मात्र पुन्हा तपासणं योग्य.

रिपोर्ट येईपर्यंत काय सांभाळायचं?

शंका दाट असेल तर प्रोप्रॅनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारखा बीटा ब्लॉकर एकटा सुरू करू नये. या औषधाने रक्तवाहिन्या सैल करणारा परिणाम अडतो, आकसणारा तसाच राहतो आणि बीपी आणखी भडकू शकतं. डोकेदुखी आणि धडधड यांसाठी प्रोप्रॅनोलॉल सर्रास देतात. तुम्हाला ते सुरू केल्यावर झटके वाढले असतील तर लगेच डॉक्टरांना कळवा. आधीपासून घेत असाल तर मात्र स्वतः तोडू नका. उलटीसाठी दिलेल्या मेटोक्लोप्रामाइडने आणि स्टिरॉइडच्या मोठ्या डोसनेही झटका येऊ शकतो. दाताचं किंवा दुसरं कुठलं ऑपरेशन ठरलेलं असेल तर भूलतज्ज्ञांना ही तपासणी चालू असल्याचं सांगा.

बीपी १८०/१२० च्या वर आहे आणि सोबत छातीत दुखतंय, दम लागतोय, बोलणं अडखळतंय, एक हात-पाय लुळा पडलाय किंवा दिसायला कमी झालंय, तर कोणत्याही रिपोर्टची वाट न पाहता तातडीने हॉस्पिटल गाठा.

गाठ निघालीच तर पुढे काय? आणि नंतरही ही चाचणी करावी लागते?

ऑपरेशनच्या आधी साधारण ७ ते १४ दिवस अल्फा ब्लॉकर देतात, डॉक्साझोसिन किंवा फिनॉक्सिबेन्झामाइन. आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि त्या भरून निघाव्यात म्हणून या काळात पाणी आणि मीठ जास्त घ्यायला सांगतात. एरवी बीपीसाठी मीठ कमी करायला सांगितलेलं असतं, त्यामुळे रुग्ण इथे गोंधळतात. या थोड्या दिवसांपुरतं ते बरोबर आहे. नाडी फार जलद असेल तर अल्फा ब्लॉकर नीट बसल्यावरच बीटा ब्लॉकर जोडतात. मग गाठ काढतात, बहुतेकदा दुर्बिणीतून.

काढल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी मेटानेफ्रिन पुन्हा तपासतात. नॉर्मल आलं म्हणजे गाठ पूर्ण निघाली. त्यानंतर वर्षातून एकदा, निदान दहा वर्षं, कारण गाठ परत येऊ शकते. साधारण तीनांतल्या एका रुग्णात ती जनुकातून आलेली असते, म्हणून जनुकीय तपासणी सुचवतात. अशा कुटुंबात आयुष्यभर लक्ष ठेवावं लागतं, आणि सख्ख्या भावंडांची व मुलांचीही तपासणी होते. त्यांना झटके येत नसले तरीही.